कमल बस्ती आणि नववा रस

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरात, एकदा भाचीला घेऊन गेलो होतो. गाभाऱ्यातल्या काळ्या पाषाणाच्या नेमिनाथ तीर्थंकरापुढे ती बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मामा, हा रुसलाय का?"

प्रश्न पोरकट वाटला तरी तसा नव्हता. काहीच न करता बसलेल्या माणसाला कोणता रस लावायचा, यावर आपल्याकडच्या शास्त्रकारांनी कित्येक शतकं वाद घातला आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात रस आठच धरले आहेत. त्याचं सूत्र नटासाठी आहे. भाव ज्यामुळे जागा होतो ते विभाव, तो अंगावर दिसतो ते अनुभाव, आणि येऊन-जाऊन राहणारे व्यभिचारी भाव. तिन्ही जुळले की रस. बस्तीतल्या मूर्तीला हे लावायला गेलं की अनुभावापाशीच अडतं. भुवई ताणलेली नाही, ओठ हललेला नाही, हात मांडीवर एकावर एक ठेवलेले.

नववा, शांत रस, काश्मीरच्या उद्भटाने आठव्या शतकाच्या अखेरीस काव्याच्या यादीत घातला, आणि अभिनवगुप्ताने इसवी सन 1000च्या आसपास त्याला तत्त्वज्ञानाचा पाया दिला. पण त्याच सुमारास माळव्यात, मुंज राजाच्या पदरी असलेला धनंजय नाटकात शांत मानायला तयार नव्हता. त्याच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे: शम म्हणजे सगळी हालचाल थांबणं, मग नट रंगमंचावर करणार काय? मला हा आक्षेप अगदी रास्त वाटतो. फक्त तो नटाला लागू आहे, दगडाला नाही. दगड मुळातच थांबलेला असतो.

गंमत अशी की नऊ रसांची एक जुनी यादी जैनांच्याच आगमात, अनुयोगद्वारसूत्रात आहे. तिथे भयानकाला जागा नाही, त्याच्याऐवजी लाज आहे, आणि प्रशांत मात्र आहे. चित्रकारांसाठी लिहिलेल्या विष्णुधर्मोत्तरातल्या चित्रसूत्रातही नऊच रस येतात. शांताची खूण म्हणून तिथे सौम्य आकृती, ध्यान आणि आसन सांगितलं आहे. नटाकडून जे होईना ते चित्रात आणि मूर्तीत सहज बसलं.

आता पुन्हा गाभाऱ्यात येऊ. स्थिर देह म्हणजे शांत, असं म्हणून चालत नाही. शोकातला माणूसही स्थिर असतो. फरक खांद्यात पाहावा. शोकात खांदे उतरतात, मान कलते, पाठ सैल पडते. पद्मासनातल्या जिनमूर्तीचे खांदे एका रेषेत असतात, कणा ताठ असतो आणि छाती श्वासाने भरल्यासारखी वाटते. डोळे अर्धे मिटलेले, पण पापणी झोपेने जड झालेली नाही. रुसवा असता तर मान वळली असती, कारण रुसायला समोर कुणीतरी लागतं. इथे तसा कुणी नाहीच.

नेमिनाथाची कथा ठाऊक असलेल्याची मात्र हमखास फसगत होते. लग्नाच्या मेजवानीसाठी बांधलेली जनावरं पाहून तो वरातीतून माघारी फिरला, राजीमती मागे राहिली. हे आठवलं की करुण दिसायला लागतो. पण तो कथेतला करुण, मूर्तीतला नव्हे. शंखाचं लांछन, म्हणजे त्याची ओळखखूण, नसेल आणि कुणी नाव सांगितलं नाही, तर हा नेमिनाथ की दुसरा कुणी तीर्थंकर, हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

हे चेहरे सारखे का, याचं उत्तर रससिद्धांतातच सापडतं. भट्टनायकाने साधारणीकरण म्हटलं, म्हणजे भाव 'माझा' किंवा 'त्याचा' राहत नाही, सगळ्यांचा होतो. नाटकात ते कवी आणि नट मिळून साधतात. जिनमूर्तीत शिल्पी आधीच व्यक्तीच्या खुणा काढून टाकतो.

ही बस्ती 1204 मध्ये रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधली. तिच्या छतावर कमळ आहे, बहात्तर पाकळ्यांचं. भूत, वर्तमान, भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर त्या पाकळ्यांवर धरलेले. बारीक कोरीव कामाचं ते छत बघताना तोंडाचा आ होतो, तो अद्भुत. जेमतेम शंभर वर्षांच्या आत, 1290 मध्ये, ज्ञानेश्वरांनी अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीला म्हटलं की शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे. ते गीतेच्या विश्वरूपाबद्दल आहे, बस्तीबद्दल अर्थातच नाही. पण या मांडणीला याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही.

भाचीला एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "खांदे बघ." तिने बघितले, स्वतःचे खांदे सरळ केले, आणि मग मान वर करून छताच्या पाकळ्या मोजायला लागली. चाळिसाच्या पुढे तिचा हिशेब चुकला.