एकच उसाचा रस, दोन वेगळे आकडे

शेअर घेण्याआधी बरेच जण कंपनीचा आरओई पाहतात, म्हणजे भागधारकांच्या पैशावर निव्वळ नफा किती टक्के सुटला ते. १८-२० टक्के दिसले की गडी खूश. सॉफ्टवेअर कंपनीच्या बाबतीत यात फार बिघडत नाही, कारण तिच्यावर कर्जच फारसे नसते. साखर कारखान्याला मात्र गव्हाणीपासून बॉयलरपर्यंत सगळी यंत्रसामग्री आधी उभी करावी लागते. शिवाय हंगामात ऊस घेतला तरी साखर वर्षभर हळूहळू विकली जाते. एवढा पैसा एकट्या भागधारकांच्या खिशातून क्वचितच येतो, त्यामुळे कर्ज आलेच.

समजा, दोन खासगी कारखाने आहेत. (आकडे कल्पित आणि सोयीसाठी गोल केलेले.) दोघांची यंत्रे सारखी, ऊस सारखा, उतारा सारखा. प्रत्येकात २०० कोटी रुपये गुंतलेत आणि व्याज व कर देण्याआधीचा नफा २४ कोटी आहे. फरक एवढाच की पहिल्यात मालकांचे १६० कोटी आणि कर्ज ४० कोटी, तर दुसऱ्यात मालकांचे ५० आणि कर्ज १५०. व्याज १० टक्के, कर २५ टक्के धरू.

पहिला ४ कोटी व्याज देतो, कर भरतो आणि त्याच्याकडे १५ कोटी उरतात. १६० कोटींवर हे साधारण ९.४ टक्के झाले. दुसऱ्याचे व्याजच १५ कोटी. कर भरून उरतात ६.७५ कोटी, पण मालकांचे पैसे फक्त ५० कोटी असल्याने आरओई १३.५ टक्के. आरओईच्या नजरेतून दुसरा कारखाना सरस, पण तिथे एक पोतेसुद्धा साखर जास्त निघालेली नाही.

आरओसीई हा गोंधळ टाळतो. व्याज आणि कर देण्याआधीचा नफा घ्यायचा आणि मालकांचे पैसे अधिक कर्ज अशा एकूण भांडवलाने त्याला भागायचे. दोघांचाही आरओसीई १२ टक्के येतो. धंदा एकच, म्हणून उत्तरही एकच. या १२ टक्क्यांची तुलना थेट १० टक्के व्याजाशी करता येते. कर्जाच्या प्रत्येक शंभर रुपयांवर दोन रुपये सुटतात, ते मालकाच्या पदरात पडतात आणि आरओई फुगतो. ही सगळी करामत त्या दोन रुपयांची आहे.

आता पाऊस कमी झाला, ऊस घटला आणि नफा निम्म्यावर, १२ कोटींवर आला. आरओसीई दोघांचाही ६ टक्के. पहिल्याला व्याज आणि कर जाऊन ६ कोटी उरतात. दुसऱ्याला मात्र ३ कोटींचा तोटा होतो.

खरी गंमत पुढच्या वर्षी आहे. तोट्यामुळे दुसऱ्याच्या मालकांचे पैसे ४७ कोटींवर आले आणि ती तूट भरायला कर्ज १५३ कोटींवर गेले. पुन्हा चांगला हंगाम आला, नफा पुन्हा २४ कोटी. व्याज आणि कर वजा जाता साडेसहा कोटी उरतात, म्हणजे आरओई जवळपास १३.९ टक्के! तोटा सोसून, कर्ज वाढवून आकडा आधीपेक्षा चांगला दिसतो, कारण भागाकारातला छेदच झिजला. म्हणून एखाद्या अवजड धंद्याचा आरओई सुधारलेला दिसला, तर नफा वाढला की मालकांचा निधी आटला, हे आधी ताळेबंदात बघावे.

आरओसीईलाही डोळे झाकून मानू नये. भांडवल मोजायचे एक सूत्र असे आहे की एकूण मालमत्तेतून सगळी चालू देणी वजा करायची. साखरेच्या पोत्यांवर बँकेकडून घेतलेले मालतारण कर्ज हे अल्पमुदतीचे, त्यामुळे चालू देण्यांत बसते, आणि या सूत्राने ते भांडवलातून गायबच होते. व्याज तर त्यावरही द्यावे लागते. म्हणून ते कर्ज भांडवलात पुन्हा धरायलाच हवे. उलट ३१ मार्चला हंगाम संपत आलेला असतो आणि गोदामे भरलेली असतात, म्हणून त्या एका दिवसाचे भांडवल वर्षाच्या मानाने जास्त दिसते. तिमाही किंवा निदान सहामाही आकड्यांची सरासरी मिळाली तर बरी.

जुना कारखानाही फसवतो. घसारा कापून कापून यंत्रांची पुस्तकी किंमत इतकी उतरलेली असते की माफक नफ्यावरही आरओसीई २५ टक्के दिसू शकतो. ती यंत्रे बदलायची वेळ आली की तो आकडा खाली येतो. याउलट शेजारच्या कारखान्यात डिस्टिलरीचे बांधकाम चालू असेल, तर तिथे पैसा गुंतलाय पण उत्पन्न शून्य, म्हणून त्याचा आरओसीई उगाच मार खातो. अशा वेळी मी बांधकामातली रक्कम बाजूला काढून एकदा आणि धरून एकदा, असे दोनदा गणित करतो.

बँकांना मात्र हे माप लावू नये. ठेवी हाच त्यांचा कच्चा माल आणि व्याज हाच त्यांचा खर्च. व्याजाआधीचा नफा ही कल्पनाच तिथे बसत नाही. तिथे आरओईच बघायचा.