व्हॉट्सॲपवर आलेला वजनाच्या तक्त्याचा फोटो कसा वाचायचा

नागपूरच्या कळमना बाजारातून माल उचलण्याआधी आम्ही तुम्हाला फळ्याचा एक फोटो पाठवतो. दोन बागांची संत्री आम्ही समोरासमोर मांडलेली असतात. प्रत्येक ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून पाच-पाच, अशी पंधरा फळं काट्यावर ठेवतो आणि वजन ग्रॅममध्ये लिहितो. परवाचा फोटो असा होता:

```
  डावी बाग    | खोड | उजवी बाग
            ८ | ११ | २ ४ ४ ४ ७ ९
          ७ ४ | १२ | ३
९ ८ ६ ६ ६ ३ १ | १३ | ५
        ७ ५ २ | १४ | ८
          ६ १ | १५ | २ ५ ५ ८
              | १६ | १ ४
```

मधलं खोड म्हणजे वजनाचे पहिले दोन आकडे, बाजूची पानं म्हणजे शेवटचा. उजवीकडे १३ पुढे ५ आहे, म्हणजे फळ १३५ ग्रॅमचं. डावी बाजूही खोडापासूनच बाहेर वाचायची: १३१, १३३, १३६. बरेच जण सवयीने डावीकडून ९, ८ असं मोजतात आणि मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात मधोमध येणारं वजन, चुकू शकतो.

पंधरा फळांत मध्यक म्हणजे आठवं फळ. डावीकडे वरून एक, मग दोन, आणि तेराच्या ओळीत खोडापासून पाचवं पान: १३६. उजवीकडे पहिल्या ओळीत सहा, बाराच्या ओळीतलं सातवं, आठवं १३५. मध्यकात फरक फक्त एका ग्रॅमचा! भाव ठरवताना फोनवर आम्ही एवढंच सांगितलं असतं, तर दोन्ही माल सारखेच वाटले असते.

आता आकार बघा. डावीकडचं पोट मधोमध फुगलेलं आहे, बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेलं वजन, तोही १३६, म्हणजे मध्यकाएवढाच. उजवीकडे मात्र दोन उंचवटे आहेत, एक ११ च्या ओळीत, दुसरा १५ च्या. ज्या १३५ ला आपण मध्यक म्हणतो, त्या वजनाच्या आसपास एकच फळ आहे. उजवा बहुलक ११४ असला तरी त्यावर फार भिस्त ठेवू नका: त्या तिघांतलं एक फळ ग्रॅमभर हलकं निघालं असतं तर ११४ आणि १५५ बरोबरीत आले असते. इतक्या थोड्या फळांत लांब ओळ कोणती, हेच पाहावं. असे दोन उंचवटे दिसले की आम्हाला आधी शंका येते ती दोन तोडींचा माल एकत्र झाल्याची, आणि आम्ही बागवानाला विचारतो.

फोटो उघडल्यावर दोन्हीकडची पानं मोजा. पंधरा भरली नाहीत तर कडेचा भाग कापला गेलाय. आम्हाला कळवा, दुसरा पाठवतो. फळ्यावर आकडे समान अंतरावर लिहिलेले नसतील तरीही कळवा, कारण दाटीने लिहिलेली ओळ आखूड दिसते.

भेटीच्या पेट्या भरायच्या असतील तर डावा माल घ्या. ज्यूसचं दुकान आणि फळांचा ठेला दोन्ही चालवत असाल तर उजवा निवडून मागा: १२ पर्यंतच्या ओळी ज्यूसला, १४ पासून पुढच्या ठेल्यावर.