कळवणाऱ्यालाच शिक्षा?

24 नोव्हेंबर 2021 रोजी दक्षिण आफ्रिकेने कोरोना विषाणूचा एक नवा प्रकार आढळल्याचे जागतिक आरोग्य संघटनेला कळवले. 25 तारखेला त्यांच्या शास्त्रज्ञांनी ते जाहीर केले. त्याच रात्री ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेसह सहा देशांना प्रवासबंदीच्या यादीत टाकले. संघटनेने या प्रकाराला ‘ओमिक्रॉन’ हे नाव दिले ते 26 तारखेला. म्हणजे बारशाआधीच दारे बंद!

या सगळ्याला नियम आहेत. 2005 साली मंजूर झालेली आणि 2007 पासून लागू असलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली 196 पक्षांवर बंधनकारक आहे. एखाद्या घटनेची माहिती मिळाली की देशाने 48 तासांत तिची छाननी करायची. त्यासाठी चार प्रश्न ठरलेले आहेत: परिणाम गंभीर आहे का, घटना अनपेक्षित किंवा वेगळी आहे का, सीमेपलीकडे पसरण्याचा धोका मोठा आहे का, आणि त्यापायी प्रवास-व्यापारावर निर्बंध येण्याची शक्यता मोठी आहे का. दोन प्रश्नांचे उत्तर ‘हो’ आले, की 24 तासांत संघटनेला कळवायचे. देवी किंवा सार्ससारख्या मोजक्या आजारांचा एकही रुग्ण सापडला तर हे प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. एकदा कळवून सुटका होत नाही, पुढची माहितीही देत राहावी लागते. दक्षिण आफ्रिकेने नेमके तेच केले.

आता दुसरी बाजू. प्रवासबंदी घालायला नियमावली सरसकट मनाई करत नाही. पण 43व्या कलमानुसार अशा उपायाला वैज्ञानिक आधार हवा आणि तेच काम साधणारा सौम्य उपाय हाताशी असेल, तर त्याहून जाचक उपाय करता येत नाही. प्रवाशांना प्रवेश नाकारला किंवा 24 तासांहून जास्त अडकवून ठेवले, तर त्याची कारणे संघटनेला 48 तासांत द्यायची आणि तीन महिन्यांत फेरविचार करायचा.

ओमिक्रॉनच्या वेळी सौम्य उपाय होता: चाचणी आणि विलगीकरण. शिवाय नेदरलँड्समध्ये 19 आणि 23 नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही ओमिक्रॉन निघाला, म्हणजे बंदी येण्याआधीच तो युरोपात पोहोचला होता. बंदीमुळे तयारीला थोडा वेळ मिळतो, हा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही; पण विषाणू आधीच घरात असेल तर तोही लंगडा पडतो. ब्रिटनने 15 डिसेंबरला आणि अमेरिकेने 31 डिसेंबरला ही बंदी उठवली.

संघटना कारणे मागू शकते, फेरविचार करायला सांगू शकते. दंड मात्र करू शकत नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे: कळवणाऱ्याचे नुकसान लगेच होते, विमाने थांबतात, पर्यटन कोसळते, अवाजवी बंदी घालणाऱ्याला जाब विचारला जातो तो फक्त कागदावर. हे पाहिल्यावर पुढच्या वेळी एखादे सरकार ‘अजून खात्री करून घेऊ’ म्हणत चार दिवस काढेल, ही भीती अनाठायी नाही.

2024 साली नियमावलीत दुरुस्त्या झाल्या आणि सप्टेंबर 2025 पासून बहुतेक देशांत त्या लागू आहेत. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला एक समितीही आली. तिचे काम सल्लामसलतीचे आहे, शिक्षा करण्याचा अधिकार तिलाही दिलेला नाही.