सर्व्हरवर हजारो टाइम-वेट दिसतायत? रिस्टार्ट मारायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे ज्यांचे लिनक्स सर्व्हर देखभालीला आहेत, त्या सगळ्यांसाठी हे पत्रक. शाहूपुरीतले गूळवाले असोत नाहीतर उद्यमनगरातले कारखानदार, फोनवर प्रश्न एकच येतो, "अहो, सर्व्हर तुंबलाय काय? कनेक्शनं बंद केली तरी हजारभर तशीच लटकलेली दिसतायत." कुणीतरी पोरगा बसवलेला असतो, त्यानं कनेक्शनं दाखवणारी ss कमांड मारलेली असते आणि स्क्रीनवर TIME-WAIT ची रांग बघून तो घाबरलेला असतो. दहातल्या नऊ वेळा काहीही बिघडलेलं नसतं, पण ती दहावी वेळ ओळखता आली पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

टीसीपी म्हणजे दोन मशीनमध्ये डेटा नीट पोचवायची पद्धत. तिचं कनेक्शन कुठल्या कुठल्या अवस्थांतून जातं याचा एक नकाशा आहे, 1981 च्या आरएफसी 793 या इंटरनेटच्या नियमपत्रात तो छापलाय आणि 2022 मध्ये आलेल्या आरएफसी 9293 मध्येही तोच आहे, थोड्या दुरुस्त्या सोडल्या तर. एकूण अकरा अवस्था. वरच्या अर्ध्यात कनेक्शन जुळतं, मध्ये ESTABLISHED, जिथं खरं काम चालतं, आणि खालच्या अर्ध्यात ते सुटतं. जुळायचा भाग सगळ्यांना पाठ असतो. भानगड सगळी सुटण्यात आहे, कारण तिथं दोन वाटा फुटतात, एक आधी "मी थांबतो" म्हणणाऱ्याची आणि दुसरी ते ऐकून घेणाऱ्याची.

समजा तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर 192.168.1.10 वर आहे आणि डेटाबेस 192.168.1.20 वर, पोर्ट 5432. काम झालं, सॉफ्टवेअरनं कनेक्शन बंद केलं. म्हणजे त्यानं फिन, म्हणजे "मी थांबतो" हा निरोप, पाठवला आणि ते FIN-WAIT-1 मध्ये गेलं. डेटाबेसनं फिन मिळाल्याची पोच दिली आणि तो CLOSE-WAIT मध्ये गेला, पोच मिळाल्यावर सॉफ्टवेअर FIN-WAIT-2 मध्ये. मग डेटाबेसचंही आवरलं की तो स्वतःचा फिन पाठवतो आणि LAST-ACK मध्ये शेवटच्या पोचेची वाट बघत बसतो. सॉफ्टवेअर ती पोच देतं आणि TIME-WAIT मध्ये जाऊन थांबतं. डेटाबेसला पोच मिळाली की तो लगेच मोकळा. म्हणजे ज्यानं आधी बंद केलं त्यालाच थांबायची शिक्षा, दुसऱ्याला नाही. कुठल्या मशीनवर टाइम-वेट साठतायत हे बघितलं की आधी कनेक्शन कोण तोडतंय तेही कळतं, आम्ही पहिल्यांदा तेच बघतो.

आता थांबायचं कशासाठी, तर पहिलं कारण ती शेवटची पोच. ती पोचली का नाही हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण पोचेची पोच नसते. ती वाटेत हरवली तर डेटाबेस LAST-ACK मध्येच अडकतो आणि थोड्या वेळानं फिन परत पाठवतो. सॉफ्टवेअरचं मशीन टाइम-वेटमध्ये असेल तर ते पुन्हा पोच देतं आणि विषय संपतो. ते सगळं विसरून मोकळं झालं असेल तर मात्र अनोळखी फिन बघून ते रिसेट पाठवतं, म्हणजे नीट संपलेलं कनेक्शन समोरच्याला तुटल्यासारखं दिसतं. आणि तेवढ्यात त्याच पोर्टवरनं नवं कनेक्शन जोडायला गेलात तर समोर जुनंच अजून LAST-ACK मध्ये बसलेलं, मग नवं पण अडखळतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच लोकांना माहीत नसतं. टीसीपी कनेक्शन ओळखतं ते चार गोष्टींवरनं, इकडचा आयपी, इकडचा पोर्ट, तिकडचा आयपी, तिकडचा पोर्ट. समजा 41822 पोर्टवरनं जुनं कनेक्शन होतं, त्यातलं एक पॅकेट कुठल्यातरी राउटरमध्ये रेंगाळलं, पाठवणाऱ्यानं दुसरी कॉपी पाठवली, ती पोचली, काम झालं, कनेक्शन बंद. लगेच त्याच 41822 वरनं त्याच डेटाबेसला नवं कनेक्शन जुळलं आणि आता ते रेंगाळलेलं पॅकेट येऊन धडकलं. चारही गोष्टी जुळतायत! पॅकेटवरचा सिक्वेन्स नंबर सुद्धा नव्या कनेक्शनच्या विंडोत, म्हणजे त्या घडीला स्वीकारायच्या नंबरांच्या पट्ट्यात, बसला तर समोरचं मशीन तो जुना डेटा नव्यात घुसवून घेतं, एरर नाही काही नाही. बंद पडलेला मोबाईल नंबर कंपनी दुसऱ्याला देते आणि त्याला आधीच्या माणसाचे फोन येत राहतात, तसला प्रकार. नंबर जुळायची शक्यता कमी असते हे खरं, एकूण नंबर 429 कोटींच्या वर आहेत आणि 64 केबीची विंडो धरली तर साधारण 65 हजारात एक, पण विंडो मोठी झाली की शक्यता वाढते, आणि बिलाच्या डेटात असला घोळ एकदा झाला तरी शोधणार कोण?

म्हणून जुनी पॅकेटं नेटवर्कमधनं मरून जाईपर्यंत ते चार गोष्टींचं जोडकं अडवून ठेवायचं. पॅकेट जास्तीत जास्त किती वेळ जिवंत राहू शकतं याचा अंदाज आरएफसीनं 2 मिनिटं धरलाय आणि थांबायचं त्याच्या दुप्पट, कारण आपली पोच जायला एक खेप आणि ती हरवली तर समोरचा फिन परत यायला दुसरी खेप. हिशोबानं 4 मिनिटं झाली, पण लिनक्समध्ये ते सरळ 60 सेकंद ठेवलंय, कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेलं, बाहेरनं बदलायची सोय नाही. net.ipv4.tcp_fin_timeout कमी करा म्हणून सल्ला सगळीकडे फिरतो, त्याचा डिफॉल्ट पण 60 च आहे म्हणून लोक फसतात, पण ते सेटिंग FIN-WAIT-2 चं आहे, टाइम-वेटला त्यानं ढिम्म फरक पडत नाही.

ही कमांड मारून बघा, उरलेले सेकंद सुद्धा दिसतात.

```
ss -tano state time-wait
0  0  192.168.1.10:41822  192.168.1.20:5432  timer:(timewait,42sec,0)
```

42 सेकंदांनी ही ओळ आपोआप जाणार. तोवर ती काही खात नाही म्हटलं तरी चालेल, कर्नल अशा कनेक्शनसाठी फक्त काही शे बाइटची छोटी नोंद ठेवतं, तुमच्या प्रोग्रामकडं तर त्यातलं काहीच शिल्लक नसतं. दहा हजार टाइम-वेट असले तरी मेमरी काही एमबीच. म्हणून नुसता आकडा बघून घाबरायचं नाही.

मग त्रास होतो कधी, तर एकाच मशीनवरनं एकाच आयपीच्या एकाच पोर्टला धडाधड कनेक्शनं उघडून बंद केली तर. जोडक्यातल्या चारपैकी तीन गोष्टी ठरलेल्या, बदलणार फक्त इकडचा पोर्ट, आणि लिनक्स त्यासाठी 32768 ते 60999 एवढेच पोर्ट वापरतं, म्हणजे 28,232. प्रत्येक पोर्ट 60 सेकंद अडकणार, मग सेकंदाला साधारण 470 च्या वर कनेक्शनं परवडत नाहीत.

समजा शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत मार्चअखेरीला स्टॉकच्या 90,000 ओळी चढवायच्यात. प्रोग्राममध्ये आठ वर्कर एकदम चालतायत आणि लिहिणाऱ्यानं प्रत्येक ओळीला नवं कनेक्शन उघडून बंद केलंय, सगळे मिळून सेकंदाला 600. पहिली 47 सेकंदं गाडी सुसाट, कारण 28,232 ला 600 नं भागलं की तेवढेच येतात, आणि मग एकदम

```
Cannot assign requested address
```

13 सेकंदं सगळं ठप्प. मग पहिले पोर्ट सुटायला लागतात, ज्या वेगानं अडकले त्याच वेगानं, आणि प्रोग्राम परत प्रयत्न करणारा असेल तर पुढची 47 सेकंदं परत सुसाट, परत 13 सेकंदं ठप्प. लॉगमध्ये मिनिटामिनिटाला असा ठेका दिसला की डोळे झाकून समजायचं, पोर्ट संपतायत. डेटाबेसकडं बघाल तर तो निवांत बसलेला असतो, सीपीयू रिकामा, त्याच्या लॉगमध्ये काही नाही, कारण एरर सॉफ्टवेअरच्या मशीनवरच येते आणि कनेक्शनची मागणी तिथनं बाहेरच पडत नाही. लोक मात्र डेटाबेस रिस्टार्ट करत बसतात, तेवढ्यात मिनिट होऊन जातं, गाडी चालू होते, आणि रिस्टार्टनंच जमलं असं वाटतं!

यावर खरा उपाय कनेक्शन टिकवून ठेवायचा आहे. आठ वर्करनी आठच कनेक्शनं उघडायची, 90,000 ओळी त्यातनंच ढकलायच्या आणि शेवटी बंद करायची, टाइम-वेट किती राहणार, तर आठ. वरनं प्रत्येक वेळी नव्यानं जुळवायचा आणि लॉगिनचा वेळ वाचतो तो वेगळाच. सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणी बनवलेलं असेल आणि तो बदलून देत नसेल तर net.ipv4.tcp_tw_reuse ला 1 करता येतं, त्यानं बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी टाइम-वेटमधला पोर्ट एका सेकंदानंतर परत वापरता येतो. हे चालतं कारण दोन्ही बाजू पॅकेटवर वेळेचा शिक्का मारतात आणि जुनं पॅकेट त्यावरनं ओळखून टाकून देतात, म्हणून दोन्हीकडं टीसीपीचे टाइमस्टॅम्प चालू पाहिजेत. याच्यासारख्याच नावाचं tcp_tw_recycle कुठं सापडलं तर हात लावू नका. एकाच राउटरमागं चार काउंटर असले की त्यातल्या काहींचं कनेक्शन अधनंमधनं गुपचूप नाकारलं जायचं, आणि 2017 मध्ये कर्नल 4.12 मधनं ते काढूनच टाकलं.

रिस्टार्ट केल्यावर "Address already in use" येतं तो याचाच भाऊबंद, तुमचा सर्व्हर प्रोग्राम बंद होताना त्यानंच आधी कनेक्शनं तोडली, टाइम-वेट त्याच्या पोर्टवर राहिले आणि पोर्ट लगेच मिळेना. प्रोग्राममध्ये bind च्या आधी SO_REUSEADDR लावलं की सुटतं. आमच्या सगळ्या प्रोग्राममध्ये ते आहे, त्यामुळं आमच्याकडच्या प्रोग्रामला हा मेसेज आला तर बहुतेक जुनी कॉपीच अजून चालू असते.

आणि एक, CLOSE-WAIT आणि TIME-WAIT मध्ये गल्लत करू नका. समोरच्यानं बंद केलं आणि आपल्या प्रोग्रामनं केलंच नाही की CLOSE-WAIT साठतात, त्यांना कसलंही घड्याळ नाही, दिवसभर तशीच बसतील, आणि प्रत्येक कनेक्शन प्रोग्रामच्या उघड्या फाइलींच्या मर्यादेत मोजलं जातं, म्हणून शेवटी प्रोग्रामला नवी फाइलसुद्धा उघडता येणार नाही. ती प्रोग्राममधली चूक असते. टाइम-वेट हजारभर दिसली तर चहा घ्या, CLOSE-WAIT शंभर दिसली आणि वाढत चालली तर आम्हाला लगेच कळवा.

फोन करायच्या आधी ज्या मशीनवर एरर येतेय त्याच मशीनवर एवढ्या तीन ओळी मारा आणि आलेलं सगळं आहे तसं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, एरर नेमकी किती वाजता आली ती वेळ सेकंदासकट लिहा, आणि तोवर रिस्टार्ट मारू नका, नाहीतर बघायला काही उरत नाही.

```
ss -s
ss -Htan state time-wait | wc -l
ss -Htanp state close-wait
```