तीन दिवे एकदम का पेटतात?

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या मखरापुढे आठ दिवे धावतात. एका वेळी एकच पेटतो आणि उजेड पुढे सरकतो. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या माझ्या भाचीने ते सर्किट घरीच जोडलंय. एका पावसाळी संध्याकाळी वीज क्षणभर गेली आणि आली, आणि तेव्हापासून एकाऐवजी तीन दिवे पेटून फिरू लागले. वेग तोच, वायर सगळ्या जागेवर. पाच-दहा मिनिटं बंद ठेवून चालू केलं की पुन्हा सुरळीत.

बिघाड कुठल्याच भागात नव्हता. सर्किट चुकीच्या चक्रात अडकलं होतं.

चार फ्लिप-फ्लॉप एका ओळीत असतात. प्रत्येकजण ० किंवा १ लक्षात ठेवतो आणि क्लॉकचा पल्स आला की डावीकडच्याचा आकडा घेतो. चौथ्याचा आकडा जसाच्या तसा पहिल्याला दिला की तो रिंग काउंटर. त्यात एकच १ टाकला तर १०००, ०१००, ००१०, ०००१ असं फिरत राहतं. चार फ्लिप-फ्लॉपच्या एकूण १६ अवस्था होतात, त्यातल्या चारच इथे वापरात येतात.

चौथ्याचा आकडा उलटा करून पहिल्याला दिला, तर तो ट्विस्टेड रिंग किंवा जॉन्सन काउंटर. ०००० पासून निघालं की १०००, ११००, १११०, ११११, मग ०१११, ००११, ०००१ आणि परत ००००. तेवढ्याच फ्लिप-फ्लॉपमधून आठ पायऱ्या मिळतात. शिवाय दर पायरीला एकच आकडा बदलतो, म्हणून प्रत्येक दिव्याला फक्त दोन आकडे पाहणारं एक गेट पुरतं. उदाहरणार्थ, तिसरा दिवा दुसरा आकडा १ आणि तिसरा ० असेल तेव्हाच पेटतो.

उरलेल्या आठ अवस्थांचं काय होतं, ते कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. ०१०० पासून सुरू करा: १०१०, ११०१, ०११०, १०११, ०१०१, ००१०, १००१ आणि पुन्हा ०१००. हे दुसरं बंद चक्र आहे. विजेच्या झटक्याने सर्किट एकदा यात शिरलं की आपणहून बाहेर पडत नाही. योग्य अवस्थेत आकड्यांच्या माळेत ० आणि १ यांची एकच सीमा असते. शेवटचा आकडा उलटा होऊन पहिल्याकडे जातो, म्हणून तिथली तुलनाही उलटी धरायची. या आठ अवस्थांमध्ये अशा सीमा तीन असतात. दिव्यांची गेटं सीमाच शोधत असल्यामुळे दर वेळी नेमके तीन दिवे पेटतात. मखरात दिसलं ते हेच. तीन दिवे नियमाने पुढे सरकताना दिसले की दुसरं काही शोधायची गरज नाही.

रीसेट होता, तरी असं झालं. चालू होताच एक कपॅसिटर चारही फ्लिप-फ्लॉप शून्यावर आणतो, पण वीज क्षणभरच गेली तर कपॅसिटर पुरेसा रिकामा होत नाही आणि रीसेटचा पल्स निघतच नाही.

खरा उपाय म्हणजे चुकीच्या चक्राला बाहेरची वाट करून देणं. दुसऱ्याचा आकडा तिसऱ्याकडे जातो, त्या वाटेत एक ऑर गेट आणि एक अँड गेट बसवतात. Q1, Q2, Q3 म्हणजे त्या-त्या फ्लिप-फ्लॉपचा आत्ताचा आकडा आणि D3 म्हणजे तिसऱ्याला दिला जाणारा आकडा:

```
D3 = Q2 · (Q1 + Q3)
```

म्हणजे दुसऱ्या जागी १ असेल, पण त्याच्या दोन्ही बाजूंना ० असेल, तर तो एकटा १ पुढे जाऊ द्यायचा नाही. योग्य अवस्थांमध्ये असा एकटा १ त्या जागी कधीच नसतो, म्हणून नेहमीच्या क्रमाला धक्का लागत नाही. चुकीच्या चक्रात मात्र ०१०० आणि ०१०१ या दोन ठिकाणी तो सापडतो. आता ०१०० नंतर १०१० ऐवजी १००० येतं, ०१०१ नंतर ००१० ऐवजी ००००. दोन्ही योग्य चक्रातल्या अवस्था. एकटा १ पुसला की त्याच्या दोन बाजूंच्या दोन सीमा जातात आणि एकच उरते. ही युक्ती मला फार आवडते, कारण गेटं दोनच लागतात आणि आठही वाटा सुटतात.

साध्या रिंगमध्ये दुरुस्ती याहून सोपी आहे. चौथ्याचा आकडा वापरायचाच नाही. पहिले तिन्ही ० असतील तरच पहिल्याला १ द्यायचा. ०००० मध्ये अडकलेलं सर्किट लगेच १००० वर येतं, ११११ असेल तर ०१११, ००११ करत तिसऱ्या पल्सला ०००१ वर.

बाजारात मिळणाऱ्या CD4017 मध्ये पाच फ्लिप-फ्लॉपचा जॉन्सन काउंटर असतो. त्याच्या ३२ अवस्थांपैकी १० वापरात असतात, आणि भरकटलेला क्रम ताळ्यावर आणणारी गेटं आतच असतात. सुटे फ्लिप-फ्लॉप जोडणाऱ्याने ती स्वतः घालायची.

दुरुस्ती तत्काळ होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं. सर्वांत लांबचा प्रवास १०१० पासूनचा: ११०१, ०११०, १०११, ०१०१ आणि पाचव्या पल्सला ००००. सेकंदाला दोन पल्स असतील तर अडीच सेकंद. दिव्यांना हे चालतं. त्याच आउटपुटवर मोटर चालत असेल तर ते पाच पल्सही चुकीचे हुकूम ठरतात. तिथे सीमा तीन दिसताच सगळं थांबवणारं वेगळं सर्किट हवं.

भाचीने CD4013 वापरले होते. त्यात सेट आणि रीसेटचे पाय असतात, त्यामुळे चाचणी सोपी झाली. पहिला व तिसरा सेट, दुसरा व चौथा रीसेट करून तिने १०१० मुद्दाम घातलं आणि क्लॉक एकेका बटणाने दिला. आधी दुसरा, चौथा आणि सातवा दिवा पेटला, मग तिन्ही एकेक घर सरकत गेले. पाचव्यांदा बटण दाबल्यावर फक्त पहिला दिवा पेटलेला राहिला.