माठात क्लोरीन टिकत नाही

नागपूरच्या वेशीवरच्या नव्या ले-आउटमध्ये नळाची लाइन अजून आलेली नसते तेव्हा टँकर येतो, पाइपने ड्रम भरून जातो आणि पाणी दोन-दोन दिवस पुरवावं लागतं. पावसाळ्यात अशा घरांत आशाताई टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनच्या द्रावणाची बाटली देऊन जातात. किती टाकायचं ते बहुतेकांना माहीत असतं. टाकल्यावर पुढे काय होतं, इकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं.

दोनशे लिटरचा एक ड्रम घेऊ. पाणी दिसायला स्वच्छ असेल तर लिटरमागे दोन ते अडीच मिलिग्रॅम क्लोरीन पुरतो, म्हणजे अख्ख्या ड्रमला अर्धा ग्रॅम. पावडरमध्ये उपयोगी क्लोरीन २५ टक्के धरला, तर दोन ग्रॅम पावडर लागेल; चहाचा चमचा सपाट धरून साधारण अर्धा. अडचण अशी की, ताज्या पावडरमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास असलेला हा क्लोरीन उघड्या पुड्यात, दमट हवेत आणि नागपूरच्या उन्हाळ्यात झपाट्याने उडून जातो. तो बारा टक्क्यांवर आला असेल तर तोच अर्धा चमचा निम्मंच काम करतो. पावडर आधी मगभर पाण्यात कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा, वरची निवळी ड्रममध्ये ओतून पाणी चांगलं ढवळावं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून फडक्याने गाळून घ्यावं, कारण मातीच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही.

मग अर्धा तास थांबायचं. क्लोरीनचा परिणाम पाण्यातलं त्याचं प्रमाण आणि मिळालेला वेळ, यांच्या गुणाकारावर ठरतो. लिटरला अर्धा मिलिग्रॅम आणि तीस मिनिटं, म्हणजे गुणाकार पंधरा. कॉलऱ्याचे आणि विष्ठेतून येणारे इतर बहुतेक जिवाणू याच्या कितीतरी आधी मरतात, पण काही विषाणूंना जास्त वेळ लागतो. डिसेंबरच्या थंड पाण्यात ही क्रिया मंदावते. तेव्हा तासभर थांबलेलं बरं.

ओतलेला सगळा क्लोरीन जंतूंच्याच वाट्याला येत नाही. पाण्यातला सेंद्रिय मळ, लोह, अमोनिया आधी आपापला वाटा घेतात. अडीच टाकला आणि अर्ध्या तासाने एक उरला, तर दीड पाण्याने खाल्ला. हा उरलेला एकच पुढचा पहारेकरी, कारण त्यानंतर ड्रममध्ये पोराचा हात जातो, जमिनीवर ठेवलेला गडवा बुडतो. घरगुती क्लोरिनेशनचा खरा फायदा मला इथेच दिसतो. टँकरचं पाणी कदाचित चांगलंच आलेलं असतं. ते घरात साठवताना बिघडतं. उकळलेल्या पाण्याजवळ अशा वेळी काहीच संरक्षण नसतं. आरओ मशीनमधलं कार्बनही क्लोरीन काढून टाकतं, त्यामुळे ते पाणी उघड्या भांड्यात भरून ठेवणाऱ्यांनी फार निर्धास्त राहू नये.

भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा. घरच्या ड्रममध्येही दुसऱ्या दिवशी निदान एवढा असावा. तो आहे की नाही हे वासावरून नक्की कळत नाही. ग्रामपंचायतीत पाणी तपासणारा जलसुरक्षक छोट्या नळीत ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकतो आणि पाणी पिवळं झालं की तो रंग पट्टीशी ताडून बघतो. रंग लगेच, काही सेकंदांत वाचायचा. पाच मिनिटांनी हळूहळू चढलेला पिवळा रंग अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचाही असू शकतो, आणि तो जंतू मारण्यात फार दुबळा.

आता माठ. उन्हाळ्यात इथे माठाशिवाय चालत नाही, पण त्याच्या सच्छिद्र भिंती आणि आतला बुळबुळीत थर क्लोरीन भराभर खातात. ड्रममध्ये सकाळी ठीक दिसणारं पाणी माठात संध्याकाळी कोरं निघू शकतं. म्हणून क्लोरीनचा साठा झाकणाच्या, तोटीच्या प्लास्टिक भांड्यात, सावलीत ठेवावा. ऊन क्लोरीन मोडतं. माठ रोज आतून घासावा, लागेल तेवढंच पाणी त्यात भरावं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावं. ड्रमच्या पाण्याला रंग आलाच नाही, तर निम्मी मात्रा पुन्हा घालून पुन्हा अर्धा तास थांबावं.

क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र याला दाद देत नाही. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन ठेवला तरी त्यातले ९९.९ टक्के मरायला दहा दिवसांहून जास्त लागतात. घरात तान्हं बाळ असेल किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल, तर त्यांच्यापुरतं पाणी उकळून, झाकून वेगळं ठेवावं.