डेटा आला, पण उघडेना

नव्या फोनवर बॅकअप रिस्टोअर केला. ॲप्स आली, फोटो आले, पण रोजनिशीचं ॲप उघडताक्षणी बंद पडतं. बॅकअप अर्धवट राहिला असेल, असं आपण धरून चालतो. मात्र बॅकअप पूर्ण होऊनही असं होऊ शकतं, आणि त्याचं कारण फोनमधल्या चिपपर्यंत जातं.

अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, ॲपच्या फाइल्सचा बॅकअप आपोआप घेण्याची सोय आहे. प्रत्येक ॲपला २५ एमबी जागा मिळते. फोन चार्जिंगला असताना आणि वापरात नसताना या फाइल्स क्लाउडवर जातात. नव्या फोनवर ॲप इन्स्टॉल झालं की ते पहिल्यांदा उघडण्याआधीच फाइल्स जागेवर येतात.

आता आपली रोजनिशी घ्या. मजकूर कुणी वाचू नये म्हणून ॲप तो एन्क्रिप्ट करून ठेवतं आणि त्याची किल्ली फोनच्या सुरक्षित भागात तयार करून घेतं. ही किल्ली त्या भागाबाहेर कधीच येत नाही, ॲपलाही ती दिसत नाही. मजकूर आत पाठवायचा आणि उलगडलेला परत घ्यायचा, एवढंच ॲपच्या हातात असतं. फोन चोरीला गेला तरी किल्लीची नक्कल काढता येऊ नये, यासाठी ही रचना आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे बॅकअपमध्ये कुलूपबंद मजकूर जातो आणि किल्ली जुन्या फोनातच राहते. नव्या फोनवर ॲपला फाइल सापडते, ती उलगडत नाही, आणि या शक्यतेचा विचार प्रोग्रॅमरने केलेला नसेल तर ॲप कोसळतं. सेटिंग्जमधून ॲपचा डेटा पुसला की ते सुरळीत चालतं, पण कोरं होऊन. ही या दोषाची ठळक खूण.

फाइल बॅकअपमधून वगळली तर ॲप कोसळणार नाही, पण रोजनिशीही येणार नाही. माझ्या मते चांगला उपाय दुसरा आहे. मजकुराची किल्ली चिपच्या किल्लीहून वेगळी बनवायची आणि ती दोन प्रकारे बंद करून ठेवायची: एक प्रत चिपच्या किल्लीने आणि दुसरी वापरणाऱ्याच्या पासवर्डपासून बनवलेल्या किल्लीने. नव्या फोनवर पहिली प्रत निरुपयोगी ठरते. मग ॲप पासवर्ड विचारतं, दुसरी प्रत उघडतं आणि मजकुराची किल्ली नव्या चिपच्या स्वाधीन करतं. पासवर्डपासून किल्ली बनवण्याची क्रिया मुद्दाम संथ ठेवलेली असते, म्हणजे अंदाजाने लाखो पासवर्ड लावून पाहणाऱ्याचा वेळ खर्ची पडतो.

याची किंमतही आहे. चिप बदलली आणि पासवर्डही विसरला, तर ॲप बनवणारेसुद्धा मजकूर परत देऊ शकत नाहीत. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये एन्क्रिप्टेड बॅकअप आणला तेव्हा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली असा पर्याय दिला. ती किल्ली निवडून हरवली, तर तो बॅकअप उघडत नाही.

म्हणून जुना फोन रिसेट करण्याआधी नव्या फोनवर प्रत्येक महत्त्वाचं ॲप उघडा आणि त्यातली एखादी जुनी नोंद खरोखर वाचून पाहा. नुसतं ॲपचं चिन्ह दिसणं पुरेसं नाही, कारण किल्ली अजून त्या जुन्या फोनातच असू शकते.